खाजगी कंपनीतील आभासी भाग : मोबदला कसा ठरतो?

नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी बरेचसे खाजगी मर्यादित कंपन्यांच्या स्वरूपात चालतात. अशा कंपनीचे भाग सहसा एका कुटुंबाकडे असतात. ते शेअर बाजारात विकले जात नाहीत आणि त्यांच्या हस्तांतरणावर कायद्यानेच निर्बंध असतात. मग कंपनीच्या भरभराटीत कर्मचाऱ्याला वाटा द्यावयाचा असेल, तर तो कोणत्या मार्गाने द्यावा, असा प्रश्न उभा राहतो.

बोनस हा त्याचा सर्वपरिचित मार्ग होय. 1965 च्या बोनस अधिनियमाने किमान 8.33 टक्के व कमाल 20 टक्के या मर्यादा घालून दिल्या आणि 2019 च्या वेतन संहितेतही त्या कायम राहिल्या. दुसरा मार्ग नफा-सहभाग योजनेचा. तीत वर्षअखेर ठरावीक पातळीपेक्षा अधिक झालेल्या नफ्याचा काही हिस्सा पगाराच्या प्रमाणात वाटला जातो. मात्र हे दोन्ही मार्ग एकेका वर्षाच्या नफ्याशी निगडित आहेत. कारखान्याचे मूल्य वर्षानुवर्षे वाढते, त्या वाढीत कर्मचाऱ्याला वाटेकरी करून घेण्यासाठी तिसरी योजना असते. ‘फँटम स्टॉक’ या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला आभासी भाग म्हणता येईल.

हिशेबाची रीत

या योजनेत कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष भाग मिळत नाहीत. त्याला मताधिकार नसतो व तो कंपनीचा सभासदही होत नाही. त्याच्या नावे काही एकके नोंदविली जातात आणि मुदतीअखेर एककाच्या मूल्यात झालेली वाढ रोख देण्याचा लेखी करार केला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंबड येथील एका कंपनीने आपले मूल्य 1 लाख एककांत विभागले. बाजारभाव उपलब्ध नसल्याने मूल्य काढण्याचे सूत्र करारातच दिले : व्याज, घसारा व कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याची तीन वर्षांची सरासरी घ्यावी, तिला सहाने गुणावे आणि त्यातून कर्ज वजा करावे. आरंभी सरासरी नफा 2 कोटी व कर्ज 2 कोटी रुपये होते. म्हणून कंपनीचे मूल्य 10 कोटी व एककाचे मूल्य 1,000 रुपये ठरले. एका पर्यवेक्षकाच्या नावे 500 एकके नोंदविली गेली.

पाच वर्षांनी सरासरी नफा 3 कोटींवर गेला. कर्ज तेवढेच राहिले. मूल्य 16 कोटी, म्हणजे एककामागे 1,600 रुपये झाले. वाढ 600 रुपयांची. तेव्हा पर्यवेक्षकाला 3 लाख रुपये मिळतील. ही रक्कम हाती येते त्या वर्षी पगाराप्रमाणे करपात्र असते.

वाद कोठे उद्भवतो?

आता समजा, मुदत संपण्याच्या वर्षीच मालकांनी नव्या यंत्रांसाठी आणखी 3 कोटींचे कर्ज घेतले. नफा तोच, परंतु मूल्य 13 कोटींवर आले. एककामागील वाढ 300 रुपये उरली आणि पर्यवेक्षकाचा मोबदला निम्मा, म्हणजे दीड लाख झाला. यंत्रांपासून होणारा लाभ पुढील वर्षांत दिसेल. कर्ज मात्र आजच वजा झाले. कोणीही फसवणूक केलेली नसताना केवळ सूत्रामुळे असे घडते. म्हणून अखेरच्या वर्षी भांडवली खर्चासाठी घेतलेले कर्ज वगळावयाचे की नाही, हे करारातच स्पष्ट असावे लागते.

नफ्याच्या आकड्याचेही तसेच आहे. मालकाच्या कुटुंबीयांचे वेतन किंवा त्यांच्या जागेचे भाडे वाढविले, तर नफा घटतो. सरासरी नफ्यातील प्रत्येक रुपयाच्या घटीमुळे सूत्रानुसार मूल्य सहा रुपयांनी खाली येते. याउलट मालकांनी नवे भांडवल घालून कर्ज फेडले, तर कोणाच्याही श्रमाविना मूल्य वाढते. या दोन्ही बाबी हिशेबात कशा धरावयाच्या, हे आधी ठरले नसेल तर तंटा अटळ होतो. काही कंपन्या म्हणून मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडे सोपवितात.

मुदतीपूर्वी नोकरी सोडणाऱ्याचे काय, हाही कळीचा मुद्दा आहे. हक्क दरवर्षी एकपंचमांश या प्रमाणात पक्का होत असेल, तर तीन वर्षांनी जाणाऱ्या पर्यवेक्षकाची 300 एकके ग्राह्य धरली जातील. निवृत्ती, मृत्यू व बडतर्फी यांसाठी बहुधा वेगवेगळे नियम असतात.

शेवटी, हा मोबदला म्हणजे कंपनीने दिलेले वचन आहे. त्यामागे तारण नसते. मूल्य कागदावर वाढले तरी रोकड यंत्रांत व मालात अडकलेली असू शकते. त्यामुळे पुष्कळदा रक्कम हप्त्यांनी दिली जाते. कंपनी बुडाली, तर बँकेसारख्या तारणधारक धनकोंचा हक्क आधी पुरा होतो. सही करण्यापूर्वी कर्मचाऱ्याने एककांच्या संख्येपेक्षा मूल्याचे सूत्र, कर्जाची व्याख्या आणि रक्कम देण्याची मुदत ही तीन कलमे वाचणे अगत्याचे ठरते.