जांभळाची पाटी आणि वाजवी भाव

बदलापूर गावच्या जांभळाला २०२३ च्या अखेरीस भौगोलिक मानांकन मिळाले आणि या फळाच्या अर्थकारणाविषयी बरेच आशेने बोलले जाऊ लागले. आनंद मानावा अशीच ही गोष्ट आहे. तथापि मानांकन सांगते ते एवढेच, की हे फळ अमुक टापूतील आहे. आज पहाटे उतरवलेल्या पाटीत किती किलो माल आहे, तो कोरडा आहे की पाऊस लागलेला, आणि त्याचे काय पडावेत, हे कोणतेही मानांकन सांगू शकत नाही. ते बागायतदारालाच सांगावे लागते, आणि फळ झाडावरून उतरल्यावर काही तासांच्या आत सांगावे लागते. हा निरोप तो आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला कसा देतो, यावर त्याच्या हंगामाची कमाई किती अवलंबून असते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम फळाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. आंबा किंवा केळे कच्चे उतरवून अढीत पिकवता येते. जांभूळ झाडावरून काढल्यावर पिकत नाही. ते पूर्ण काळे झाल्यावरच काढावे लागते, आणि एकदा काढले की साध्या हवेत जेमतेम दोन दिवस टिकते. एका घोसातली सर्व फळे एकदम पिकत नाहीत. काही हिरवी, काही तांबूस, काही काळी असतात. म्हणून झाडावर चढून, झोळीत घेऊन, रोज किंवा दिवसाआड वेचणी करावी लागते. फांदी हलवून पाडलेले फळ मातीत आपटते, त्याची साल फुटते, आणि एक फुटलेले फळ आजूबाजूची दहा फळे ओली करते. त्यात हा सारा उद्योग मे अखेर आणि जून या पावसाच्या तोंडावरच्या दिवसांत येतो. असा माल हाती असलेला विक्रेता घासाघीस करीत बसू शकत नाही, आणि घेणाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक असते.

म्हणूनच अनेक जण हंगामाआधीच झाडे मक्त्याने देऊन मोकळे होतात. मक्तेदार ठोक रक्कम देतो. पाऊस, वेचणी, वाहतूक यांचा धोका त्याचा, आणि नफाही त्याचाच. यात अन्याय आहेच असे म्हणता येणार नाही, कारण धोका पत्करणाऱ्याला मोबदला मिळणारच. परंतु ज्याच्या घरात झाडावर चढणारे आणि निवडणारे हात आहेत, त्याने धोक्याचा एवढा मोठा विमा का उतरवावा, हा प्रश्न उरतो. फळे व भाजीपाला २०१६ मध्ये महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्यापासून थेट विक्रीतील कायद्याची अडचणही राहिलेली नाही. राहिली आहे ती माहितीची अडचण.

पण कोणती माहिती? येथे एक समजूत दूर केली पाहिजे. शेतकऱ्याला बाजारभाव कळला की त्याला चांगला भाव मिळतो, असे आपण गृहीत धरतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल फोन आला, तेव्हा तारली पकडणारे कोळी समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांवरील व्यापाऱ्यांना विचारून नाव कोठे लावायची ते ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की बंदराबंदरांतील भावांची तफावत कमी झाली, मासळी फेकून देणे थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. हे उदाहरण आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवतो. आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण मात्र सहसा सांगितले जात नाही. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी येथील १०० गावांत, मोबाइलवर बाजारभाव व हवामान कळवणाऱ्या एका सेवेचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्या संदेशांमुळे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

दोहोंत अंतर का पडले याची अनेक कारणे असतील. मला दिसते ते असे, की केरळचा कोळी ज्याच्याशी बोलत होता तो प्रत्यक्ष घेणारा होता, आणि बोलणे त्याच्या नावेतल्या मासळीविषयी होते. आपल्या शेतकऱ्याला मिळत होता तो सर्वसाधारण भाव. त्याच्या मालाविषयी कोणी कोणाला काही सांगत नव्हते. जांभळात तर मालामालात इतका फरक असतो, की ‘आजचा भाव’ या शब्दांना फारसा अर्थच राहत नाही.

आता निरोपाकडे वळू. ‘शेठ, उद्या माल चांगला आहे, भाव बघून द्या,’ असे कळवणारे बरेच असतात. या वाक्यात घेणाऱ्याच्या कामाचे एक अक्षर नाही. किती माल ते नाही, म्हणून तो आपली दुसरीकडची खरेदी कमी करू शकत नाही. ‘चांगला’ म्हणजे काय ते नाही, म्हणून तो वाईटात वाईट माल गृहीत धरून भाव लावतो. आणि ‘बघून द्या’ या शब्दांनी विक्रेत्याने भाव ठरवण्याचा आपला हक्क आधीच सोडलेला असतो. पाटी गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचल्यावर त्याने ‘माल हलका आहे’ म्हटले, तर ती उचलून दुसरीकडे नेण्याइतका वेळ जांभूळ देत नाही.

याउलट पुढील निरोप पाहा. ‘नमस्कार शेठ. आज पहाटे ५ ते ७ वेचणी केली, पाऊस नव्हता. निवडून १८ किलो कोरडा माल आहे, त्यात १२ किलो मोठे आणि ६ किलो मध्यम फळ. २ किलो फुटलेला बाजूला काढला, तो पाठवत नाही. धुतलेला नाही. फोटो पाटी अर्धी रिकामी करून काढला आहे. सरसकट १३४ रुपये किलो, वजन इथल्या काट्यावर, तूट अर्ध्या किलोवर गेली तर माझी. ९ पर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो.’

यातील प्रत्येक तपशिलाला कारण आहे. वेचणीची वेळ सांगितली की फळाला किती तास उरले ते कळते. धुतलेले फळ लवकर बुरसते, आणि न हाताळलेल्या फळावरची पांढुरकी झिलई शाबूत असते. ती पुसलेली दिसली की माल शिळा किंवा फार चिवडलेला समजावा. फोटो पाटीच्या वरच्या थराचा असेल तर त्याला किंमत नाही, कारण पळसाच्या पानांवर वरचा थर सजवण्याची कला सर्वांनाच अवगत आहे. फुटलेल्या दोन किलोंचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मालातले वैगुण्य जो आपणहून सांगतो, त्याच्या उरलेल्या वर्णनावर विश्वास बसतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिताना दाखवले होते, की घेणाऱ्याला चांगला-वाईट माल ओळखता येत नसेल तर तो सरासरी भाव देतो, आणि मग चांगला माल बाजारातून निघून जातो. बदलापूरच्या पाटीला हे तंतोतंत लागू पडते.

राहिला १३४ चा आकडा. तो हवेतून आलेला नाही. हिशेबासाठी काही रकमा गृहीत धरू. समजा, गावात येणारा व्यापारी २० किलो बिननिवडीचा माल ८० रुपयांनी उचलतो. बागायतदाराला १६०० रुपये मिळतात. निवडून पाठवायचे तर निवडणीला २०० आणि पोहोचवण्याला १०० रुपये खर्च. म्हणजे १८ किलोंचे किमान १९०० रुपये आले पाहिजेत. किलोला साधारण १०६ रुपये. याहून कमी भावाला पाठवण्यात अर्थ नाही. आता गिऱ्हाइकाची बाजू. तो घाऊक बाजारात १३० रुपयांनी घेतो, पण दर १० किलोंत २ किलो त्याला फेकावे लागतात. तेव्हा विकण्याजोगा किलो त्याला १६२ रुपये ५० पैशांना पडतो. १०६ आणि १६२ यांच्यामध्ये कोठेही ठरलेला भाव दोघांनाही लाभाचा आहे. १३४ हा त्याचा मध्य. त्या भावाने बागायतदाराच्या हाती खर्च जाऊन २११२ रुपये पडतात, म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा ५१२ अधिक, आणि गिऱ्हाइकाचीही जवळजवळ तितकीच बचत होते. वाजवी भाव या शब्दाला निदान या व्यवहारात तरी असा मोजता येणारा अर्थ आहे. मात्र त्यासाठी आपली तळरेषा माहीत असून भागत नाही, समोरच्याचे किती वाया जाते हेही ठाऊक असावे लागते. ते वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाचेच ठाऊक असते.

१९३० च्या माल विक्री कायद्याचेही येथे स्मरण होते. वर्णनावरून माल विकला तर माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, आणि किंमत ठरलीच नसेल तर घेणाऱ्याने वाजवी किंमत द्यावी, असे तो सांगतो. अठरा किलो जांभळांसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही, हे उघड आहे. पण लेखी निरोप हाताशी असला की वाद ‘मी म्हणालो, तू म्हणालास’ यावर राहत नाही, आणि नेहमीच्या संबंधात तेवढे बहुधा पुरते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नेहमीचे गिऱ्हाईक एकच असेल तर ‘दुसऱ्याला देतो’ या शब्दांत दम राहत नाही; निदान दोन तरी असावीत. ज्याचे एकच झाड आहे त्याला १८ किलोही रोज भरणार नाहीत, आणि एवढ्यासाठी गिऱ्हाईक डोंबिवलीहून किंवा दादरहून माणूस पाठवणार नाही. अशा तीन-चार शेजाऱ्यांनी माल एकत्र करून एकच निरोप द्यावा हे खरे. पण मग निवडणी सर्वांची सारखी हवी, आणि भांडणे सुरू होतात ती येथेच. घरांच्या बांधकामासाठी झाडे तुटत आहेत, त्यावर तर कोणत्याही निरोपाचा इलाज चालत नाही.

आणि पाऊस. आदल्या संध्याकाळी घोसातली तांबूस फळे पाहून उद्याचा अंदाज कळवता येतो, आणि तो कळवावा. पण रात्रीत सर आली तर पहाटे अर्धा माल जमिनीवर असतो. त्या सकाळी बहुतेक जण गप्प बसतात, किंवा ओला माल पुसून पाठवतात. गिऱ्हाइकाने मात्र तोवर आपली इतर खरेदी थांबवलेली असते. ‘शेठ, रात्री पाऊस झाला, आज १८ म्हणालो होतो, ७ किलोच कोरडा आहे, बाकीचे दुसरीकडून बघा,’ एवढे सहाच्या आत कळवले, तर तो वाशीच्या बाजारात वेळेवर पोहोचू शकतो, आणि पुढचा निरोप आला की भावासाठी अडून बसत नाही.