घारे डोळे, संगणकावर

स्टीव्ह मॅकरीने 1984 साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि त्या हिरवट डोळ्यांची जगभर ओळख झाली. ओळख डोळ्यांची, मुलीचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. 2002 साली तिचा शोध लागला तेव्हा शरबत गुला तिशीची होती, चेहरा पार बदललेला होता. ही तीच, हे ठरवायचे कसे? केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी जुन्या आणि नव्या फोटोंतली बुबुळे संगणकावर ताडून पाहिली आणि जुळतात असा निर्वाळा दिला. त्यांच्या पद्धतीत डोळ्यांच्या रंगाला काडीची किंमत नाही. ती पाहते फक्त बुबुळातली वीण: धागे, खळगे, बाहुलीभोवतीची नागमोडी कड.

फोटोत डोळ्यांचा रंग बदलणारे नेमके इथेच चुकतात. रंग बदलताना वीण पुसली जाते आणि समोर दिसते ती काचेची गोटी. पाहणाऱ्याला काय बिघडले ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे लगेच कळते.

रंग बदलायची गरज का पडते, तर कारणे पुष्कळ आहेत. हॅरी पॉटर पुस्तकात हिरव्या डोळ्यांचा आहे. डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे. हिरव्या लेन्सचा त्याला त्रास होऊ लागल्यावर चित्रपटवाल्यांनी तो नाद सोडला आणि हॅरी निळ्या डोळ्यांचाच राहिला. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर समजा, एका ऐतिहासिक नाटकाची जाहिरात करायची आहे. भूमिका घाऱ्या डोळ्यांच्या कोकणस्थ सरदाराची, आणि नटाचे डोळे आपल्या बहुतेकांसारखे गडद तपकिरी. रंगमंचावर दहाव्या रांगेतून कुणाला फरक कळणार नाही. पोस्टरवर मात्र चेहरा चार फुटांचा असतो.

अशा कामात सहसा बुबुळावर घारा रंग ब्रशने फासला जातो. नेहमीच्या पद्धतीने रंगवले तर खालचे सगळेच झाकले जाते; ते नवखेही करत नाहीत. थोडे जाणकार त्या लेअरला फोटोशॉपमधला `Color` हा मोड देतात. या मोडमध्ये रंग वरच्या लेअरचा येतो आणि उजेड-अंधार खालच्या फोटोचा राहतो. म्हणजे वीण वाचते. ऐकायला हे अगदी बरोबर वाटते, तरीही डोळा मेलेलाच दिसतो. का, ते आकड्यांत लगेच उमगते.

नटाच्या बुबुळाचा सरासरी रंग मोजला, तर समजा लाल 92, हिरवा 58, निळा 36 असा येतो. अशा मोडमध्ये उजेड काढताना लालाचे साधारण 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 टक्के धरतात. हिशेब केला तर 255 पैकी 66 येतात. आता आपल्याला हवा असलेला घारा रंग: लाल 128, हिरवा 124, निळा 92. याचा उजेड 122, जवळपास दुप्पट. `Color` मोड जुना 66चा उजेड कायम ठेवतो, त्यामुळे आपला घारा रंग उतरून 72, 68, 36 होतो. ही शेवाळलेल्या हौदाची छटा झाली. ती बघून माणूस घाबरतो आणि रंग आणखी भडक करतो. तिथून पुढे काम हाताबाहेर जाते.

मूळ मुद्दा असा की तपकिरी आणि घारा यांत फरक नुसत्या रंगाचा नाही, उजेडाचाही आहे. तपकिरी बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन दाटलेले असते आणि ते प्रकाश गिळते. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य मुळी नसतेच. मेलॅनिन कमी असल्याने आतल्या तंतूंवर विखुरलेला प्रकाश निळा दिसतो. घारे डोळे या दोहोंच्या मधले: थोडे रंगद्रव्य, थोडा विखुरलेला प्रकाश. म्हणून त्यांत एक रंग कधीच नसतो. बाहुलीला लागून मधासारखी तपकिरी कड, मध्ये राखाडी-हिरवट पट्टा आणि बाहेर गडद वर्तुळ अशी रचना पुष्कळदा दिसते. एकच रंग फासला की हे सगळे सपाट होते.

तेव्हा आधी उजेड, मग रंग. मूळ फोटोला हात न लावता त्यावर `Curves` हा लेअर टाकावा आणि त्याचा मोड `Luminosity` ठेवावा, म्हणजे तो फक्त उजेड बदलेल. 66च्या आसपासचा बिंदू उचलून 120पर्यंत न्यायचा. खाली 15चा बिंदू जागच्या जागी ठोकून ठेवायचा. यात एक फायदा आपोआप पदरात पडतो. रेषेचा चढ या टप्प्यात साधारण दुप्पट झालेला असतो, त्यामुळे दोन धाग्यांत पूर्वी 10चा फरक असेल तर तो 20चा होतो आणि वीण ठळक होते. फिकट डोळ्यांत ती ठळक असतेच, तेव्हा हे सत्याला धरूनच आहे. अर्थात फोटोतली खरखरही त्याच पटीत वाढते, आणि तिला वीण समजायची चूक करू नये. धागे बाहुलीपासून बाहेर पसरतात. खरखर कुठेही, कशीही पडते.

हा लेअर मास्कने फक्त बुबुळापुरता ठेवायचा. मास्कची कड किंचित मऊ हवी आणि ती बुबुळाच्या बाहेरच्या काळसर वर्तुळाच्या अलीकडेच विरली पाहिजे. ते वर्तुळ उजळले की बुबुळ पांढऱ्या भागावर चिकटवल्यासारखे दिसते. वरच्या पापणीची सावलीही तशीच राहू द्यायची. फोटोत बुबुळाचा वरचा भाग बहुधा अंधारात असतो आणि प्रकाश जिथून येतो त्याच्या समोरच्या बाजूचा खालचा भाग उजळलेला असतो, कारण बाहेरचा पारदर्शक पडदा आत शिरणारा प्रकाश तिकडे वळवतो. डोळ्याला गोलाई आणि खोली येते ती या चढउतारामुळे. मास्क सगळीकडे सारखा पांढरा ठेवला की ती गेली.

मग रंगाचा `Hue/Saturation` लेअर. इथे `Colorize` ही खूण करण्याचा मोह आवरावा, कारण ती सगळ्या पिक्सेलना एकाच छटेत बुडवते. त्याऐवजी छटा नुसती फिरवावी. आपल्या उदाहरणात तपकिरीची छटा रंगचक्रावर 24 अंशांच्या आसपास आहे, घाऱ्याची 53च्या. म्हणजे 30 अंश पुढे. रंगाची तीव्रताही 30ने कमी करावी, घारे डोळे भडक नसतात. छटा फिरवल्याने जो धागा मुळात थोडा लालसर होता तो आता थोडा पिवळसर दिसतो, आणि धाग्याधाग्यांतला फरक टिकतो. शेवटी मास्कवर साधारण 30 टक्क्यांच्या काळ्या ब्रशने बाहुलीभोवती हलका हात फिरवला की खालचा मूळ तपकिरी डोकावतो. मधाची कड नटाच्या स्वतःच्या डोळ्यातूनच मिळते, ती रंगवावी लागत नाही.

राहिली डोळ्यातली चमक, फोटोग्राफर जिला कॅचलाइट म्हणतात. ती बुबुळावर नसतेच. खिडकीचे किंवा दिव्याचे ते प्रतिबिंब बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरात पडते, आणि त्या पडद्याच्या मध्यापासून बुबुळापर्यंत सुमारे 3 मिलिमीटर अंतर असते. म्हणून चमकेचा रंग दिव्याचा असतो, डोळ्याचा नाही. हिरवट घाऱ्या डोळ्यात चमकही हिरवट झाली, की सगळी मेहनत फुकट.

चमक ब्रशने कोरून वगळता येते, पण तिची कड कधीच धारदार नसते. मोठ्या सॉफ्टबॉक्सचे प्रतिबिंब तर अर्धपारदर्शक असते, त्यातून मागचे धागे दिसतात. तिथे रंगही अर्धाच हवा. हे काम `Blend If` चांगले करते. लेअरवर दोनदा क्लिक केले की ही पट्टी समोर येते. `Underlying Layer` खालचा पांढरा त्रिकोण `Alt` दाबून ओढला की त्याचे दोन तुकडे होतात. खालच्या चित्रातला उजेड या दोन तुकड्यांच्या मध्ये जिथे पडतो तिथे लेअरचा परिणाम हळूहळू ओसरतो. उजेडाच्या लेअरला हे तुकडे 150 आणि 200वर ठेवले तर चमक फुगत नाही. रंगाच्या लेअरला मात्र तेच आकडे देऊन चालत नाही, कारण त्याच्या खाली आता उजळलेले बुबुळ आहे. तिथे 190 आणि 230 असे वर सरकावे लागते, नाहीतर धाग्यांची उजळ टोकेही चमक समजून रंगातून सुटतात आणि तपकिरी ठिपके उरतात. काळा त्रिकोण असाच 15 आणि 45मध्ये फोडला की बाहुली काळी राहते. हे आकडे आपल्या उदाहरणापुरते. प्रत्येक फोटोला वेगळे लागतील.

काम साधले का, हे पाहायला सगळ्यांत वर एक `Black & White` लेअर टाकून रंग घालवून बघावा. तशातही डोळा जिवंत वाटत असेल तर वीण आणि चमक शाबूत आहेत. दुसऱ्या डोळ्यासाठी पहिल्याची नक्कल चिकटवू नये. तो बहुधा सावलीकडचा असतो, त्याला उजेड कमी द्यावा लागतो, आणि चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवी.

एवढे करूनही काही फोटो दाद देत नाहीत. बुबुळ असते जेमतेम 12 मिलिमीटरचे. 6000 पिक्सेल उंचीच्या उभ्या फोटोत डोके निम्मी उंची व्यापत असेल तर बुबुळाच्या वाट्याला दीडशेच्या आसपास पिक्सेल येतात. तेवढ्यात काम होते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून 1600 पिक्सेलचा होऊन आला, तर चाळीस उरतात. त्यात वीण नसतेच, कितीही उजळा.

दुसरी अडचण खास आपली. फार गडद डोळ्यांत पुढच्या थरातले मेलॅनिन धागे झाकूनच टाकते, आणि साध्या प्रकाशात कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत. आधारसाठी बुबुळ टिपणारी यंत्रे म्हणूनच डोळ्याला न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश वापरतात. त्यात गडद बुबुळाची वीणही स्पष्ट उमटते. नाटकाच्या पोस्टरसाठी तसा कॅमेरा कोण आणणार! रिटचिंग करणाऱ्याने अशा वेळी नटाला पुन्हा बोलवायला सांगावे आणि फोटोग्राफरला खोलीतले दिवे लावूनच फोटो काढायला लावावे. अंधाऱ्या स्टुडिओत बाहुली 6-7 मिलिमीटरपर्यंत पसरते आणि बुबुळाची बारीक कड तेवढी उरते. भरपूर उजेडात ती 2-3 मिलिमीटरवर येते आणि रंगवायला मोठा पट्टा मिळतो. दिवा थोडा बाजूने आणि वरून असेल तर समोरच्या बाजूचे जे काही धागे दिसण्याजोगे आहेत, ते दिसतात.