साठीनंतरचे कामजीवन : संथ होणे म्हणजे संपणे नव्हे

साठी उलटली की पुरुषाने कामजीवनाचा विचार सोडून द्यावा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे या वयात शरीरात होणाऱ्या बदलांविषयी कोणी बोलत नाही आणि कोणी विचारतही नाही. याचे दोन परिणाम होतात. जो बदल वयानुसार स्वाभाविक आहे, त्याला पुरुष आजार समजून खचतो. आणि जो खरोखरच आजाराचा इशारा आहे, त्याला तो 'वयच झाले' म्हणून दुर्लक्षितो. म्हणून या दोहोंतील फरक ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

प्रथम स्वाभाविक बदल पाहू. तारुण्यात नुसत्या दृष्टिक्षेपाने किंवा कल्पनेनेही शिश्नाला ताठरता येते. साठीनंतर बहुधा तेवढे पुरत नाही; प्रत्यक्ष स्पर्शाची आणि काही मिनिटांच्या अवधीची गरज भासते. आलेली ताठरताही पूर्वीइतकी कठीण नसते, मात्र समागमास ती पुरेशी असू शकते. वीर्याचे प्रमाण आणि स्खलनाचा जोर कमी होतो. एखाद्या वेळी स्खलन होतच नाही आणि त्यात काही बिघडलेले नसते. एका समागमानंतर पुन्हा ताठरता येण्यास लागणारा विश्रांतीचा काळ तारुण्यात काही मिनिटांचा असतो. साठीनंतर तो एक दिवसाचा आणि सत्तरीत त्याहूनही अधिक होऊ शकतो.

याचे कारण शरीररचनेत आहे. शिश्नातील स्पंजासारख्या ऊतीमध्ये रक्त भरले आणि तेथेच रोखले गेले, की ताठरता येते. वाढत्या वयात या ऊतीची आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते, मज्जातंतूंची संवेदना मंदावते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही चाळिशीपासून दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते. ही घट इतकी सावकाश असते की निरोगी पुरुषाची इच्छा केवळ त्यामुळे नाहीशी होत नाही. थोडक्यात, सारे काही संथ होते. बंद पडत नाही.

मग आजार कसा ओळखावा? याची एक साधी खूण घरच्या घरी मिळते. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः पहाटे, आपोआप ताठरता येते. वयानुसार ती कमी होते, पण सहसा पूर्ण नाहीशी होत नाही. पहाटे ताठरता येते, मात्र पत्नीच्या सान्निध्यात येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनात असते. एकदा अपयश आले की पुढच्या वेळी भीती वाटते. भीतीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अपयशाची पुनरावृत्ती होते. याउलट पहाटेची ताठरताही हळूहळू नाहीशी झाली असेल, तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू, मधुमेह किंवा चालू असलेली औषधे यांकडे पाहावे लागते.

एका प्रातिनिधिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ६७ वर्षांचे एक निवृत्त अधिकारी आहेत, असे समजू. प्रोस्टेटच्या त्रासासाठी ते रोज टॅमसुलोसिनची गोळी घेतात. वर्षभरापासून ताठरता मंदावली होती आणि वीर्य जवळजवळ दिसेनासे झाले होते. एके रात्री पूर्ण अपयश आले आणि तेव्हापासून ते वेगळ्या खोलीत झोपू लागले. पत्नीला वाटले, आपल्यातच काही उणे आहे. पुढे एका मित्राने 'जोर वाढवणारी' गोळी दिली. ती घेतल्यावर त्यांना उठताना चक्कर आली आणि त्या धास्तीने ते अखेर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न पहाटेच्या ताठरतेविषयी विचारला. सात-आठ महिन्यांत ती जाणवली नव्हती. रक्त तपासले, तर उपाशीपोटीची साखर १४८ निघाली; दुसऱ्या तपासणीतही ती तशीच चढी राहिली. म्हणजे मधुमेह जडला होता आणि त्याची जाणीव या तक्रारीमुळेच झाली. वीर्य न दिसणे हा मात्र आजार नव्हता, तो प्रोस्टेटच्या गोळीचा ज्ञात परिणाम होता. चक्करही त्या गोळीमुळे आणि मित्राच्या गोळीमुळे मिळून आली होती, कारण दोन्ही औषधे रक्तदाब उतरवतात.

येथे हृदयाचाही संबंध येतो. शिश्नाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. त्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचू लागले की अरुंद वाहिनीत अडथळा आधी जाणवतो. म्हणूनच ताठरतेची तक्रार कित्येकदा छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधी दिसते. तीन महिन्यांहून अधिक काळ तक्रार टिकली, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून हृदयाचीही चौकशी करावी, ती याचसाठी.

आता उपचारांविषयी. सिल्डेनाफिल ही गोळी सुमारे एक तास आधी घ्यावी लागते. तेलकट-तुपकट जेवणानंतर ती उशिरा लागू पडते आणि स्पर्श व उत्तेजनेवाचून तिचा उपयोग होत नाही. पासष्टीनंतर डॉक्टर सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. मात्र छातीतील दुखण्यासाठी जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे जे घेतात, त्यांनी ही गोळी कदापि घेऊ नये. रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर इस्पितळात तसे आधी सांगावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीमुळे त्रास होत असल्यास ती आपणहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने फक्त सकाळच्या रक्ततपासणीत, तीही दोनदा, प्रमाण कमी आढळले आणि तशी लक्षणे असली तरच द्यावयाची असतात.

समागमाचे श्रम हृदयाला झेपतील काय, ही शंका अनेकांना असते. दोन जिने भराभर चढल्यावर छातीत दुखत नसेल आणि दम कोंडत नसेल, तर सहसा चिंतेचे कारण नसते. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

उदाहरणातील गृहस्थांनी रोज चाळीस मिनिटे चालणे आणि मधुमेहाचे औषध सुरू केले, तंबाखू सोडली. पत्नीशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गात कोरडेपणा आल्याने तिलाही समागमात वेदना होत होत्या आणि ती ते बोलली नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या मलमाने आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पाण्यासारख्या वंगणाने तो त्रास कमी झाला. रात्री थकलेल्या वेळेऐवजी दोघांनी सकाळची निवांत वेळ निवडली आणि स्पर्शाला अधिक अवधी दिला. चार महिन्यांनी पहाटेची ताठरता अधूनमधून परतली. समागम दर वेळी पूर्ण होतो असे नाही, पण तसा हट्टही उरलेला नाही. जवळीक, आलिंगन आणि हातांचा स्पर्श यांतूनही दोघांना समाधान मिळते.

या वयात दीर्घ खंड टाळणे हिताचे असते. महिनोन्‌महिने दूर राहिल्यास शरीर आणि मन दोन्ही परक्यासारखे वागू लागतात. त्या गृहस्थांची वेगळी खोली आता नातवंडांच्या अभ्यासासाठी वापरली जाते.