फुटक्या मालाची तक्रार

एका कासारीणबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. माल फिरोजाबादहून कुरियरनं येतो. लागोपाठ तीन पार्सलं फुटकी आली. आणणारा म्हणे, "बांधणीच कच्ची!" बाई भांडल्या नाहीत. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं.

"तिन्ही पावत्यांचे नंबर व तारखा खाली दिल्या आहेत. दर वेळी खोकं बाहेरून दबलेलं होतं. तुमच्या माणसासमोर उघडलं. तिन्ही मिळून ३५ डझन बांगड्या फुटल्या. खरेदी डझनाला ३० रुपये. एकूण १,०५० रुपये भरून द्यावेत. १५ दिवसांत उत्तर द्यावं."

खोकं बाहेरून दबलं, म्हणजे वाटेत मार बसला. मग बांधणीचं निमित्त लंगडं पडतं. बाईंनी नफा मागितला नाही. खरेदीची बिलं आणि फोटो जोडले. पोचपावतीवर सही करतानाच 'माल फुटका' असं लिहिलं होतं. नुसती सही केली, तर माल धड मिळाला असं कंपनी म्हणते.

मात्र कुरियरच्या पावतीमागं भरपाईची मर्यादा छापलेली असते. ती आधी वाचावी. पाठवणाऱ्याला मालाची खरी किंमत पावतीवर लिहायला सांगावी. कंपनीनं दाद दिली नाही, तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरवर फोन करावा. पत्राची नक्कल मात्र जपून ठेवावी.