खर्चाचे दहा टक्के, नफ्याचे ऐंशी टक्के

बांधकामाच्या अंदाजपत्रकात शेवटून दुसरी किंवा तिसरी ओळ ‘आकस्मिक खर्च’ अशी असते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि बँकवाले तिला कंटिन्जन्सी म्हणतात. वरच्या ओळींवर तासन्‌तास वाद होतात. सिमेंटच्या गोणीमागचे पाच रुपये कमी करून घेतले जातात. या ओळीवर मात्र कुणीतरी ‘पाच टक्के धरा’ किंवा ‘दहा धरा’ म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो. प्रकल्प करावा की सोडून द्यावा, हे बरेचदा याच ओळीवर ठरते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा कामात ते सहज पटतील असे आहेत. भिवंडीजवळ पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जागेवर गोदाम बांधायचे आहे. बांधकामाचा मूळ अंदाज १० कोटी रुपये. जागेचे भाडे आणि देखभाल वजा जाता गोदामातून दरवर्षी १ कोटी ६५ लाख हातात राहतील. पंधरा वर्षांनी शेड जागामालकाची, म्हणजे शेवटी विकून काही मिळणार नाही. गुंतवणूकदाराला आपल्या पैशावर १२ टक्के परतावा हवा आहे. आयकर बाजूला ठेवू.

पंधरा वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, म्हणून दरवर्षीची रक्कम १२ टक्क्यांनी मागे आणून आजच्या भावात मोजायची. पंधरा हप्त्यांची अशी बेरीज होते सुमारे ११ कोटी २४ लाख. त्यातून आज घालायचे १० कोटी वजा केले की उरतात १ कोटी २४ लाख. हेच निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. ते शून्याच्या वर असेल तर १२ टक्के सुटून वर काही राहते. खाली गेले तर प्रकल्प कागदावरच तोट्यात.

आता आकस्मिक खर्चाची ओळ भरू. ५ टक्के धरले तर ५० लाख वाढले आणि एनपीव्ही ७४ लाखांवर आला. १० टक्के धरले तर उरले २४ लाख. १५ टक्के धरले तर उणे २६ लाख. भाडे तेच, जागा तीच. बदलली फक्त एक टक्केवारी. ही रक्कम आज, सुरुवातीलाच खर्च झाली असे आपण धरतो. त्यामुळे भाड्यासारखी ती वर्षांच्या अंतराने झिजत नाही, पूर्ण रुपयाने कापली जाते. शिवाय ती १० कोटींवर मोजली जाते, पण कापली जाते सव्वा कोटीच्या शिल्लकीतून. म्हणून खर्चातला एक टक्का एनपीव्हीचे आठ टक्के खातो आणि दहा टक्के तरतूद ऐंशी टक्के खाऊन टाकते. ज्या प्रकल्पाची शिल्लक पातळ, तिथे हा कात्रीचा खेळ अधिक धारदार होतो.

मग योग्य आकडा कोणता? आधी काय या ओळीत येत नाही ते पाहू. जीएसटी येत नाही, कारण तो माहीत असलेला खर्च आहे. ‘आणखी एक मजला चढवू’ हा मालकाचा बदललेला विचार येत नाही. त्याचा हिशेब वेगळा करायचा. उरते ते ठरलेले कामच करताना निघणारे अडथळे. आपल्या गोदामाचे चार धरू. खाडीच्या बाजूला मऊ चिखल लागला आणि पायलिंग करावे लागले तर ९० लाख जादा. शक्यता ४० टक्के. पावसात काम अडकले तर २४ लाख, शक्यता निम्मी. अंतिम ड्रॉइंगमध्ये पोलादाचे वजन वाढले तर ४८ लाख. शक्यता २५ टक्के. वीजजोडणीसाठी स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला तर ५० लाख. शक्यता २० टक्के. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणले की ३६, १२, १२ आणि १० लाख येतात. बेरीज ७० लाख, म्हणजे ७ टक्के.

एनपीव्हीत बसवायचा आकडा हा. त्याने एनपीव्ही ५४ लाखांच्या आसपास राहतो. पण बँकेकडून पैसे उभे करताना ७० लाखांवर थांबलात तर फसाल. हे चार अडथळे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर ७० लाख पुरण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी निघते. १ कोटी २० लाख ठेवले तर ती दहापैकी आठ वेळा पुरते. म्हणजे आकडे दोन हवेत: किफायत तपासताना सरासरीचा, निधी राखताना सुरक्षित. घोळ होतो तो सुरक्षित आकडा एनपीव्हीत घातल्यावर. १ कोटी २० लाख तिथे घातले की शिल्लक जेमतेम ४ लाख उरते आणि संचालक मंडळ एक बरा प्रकल्प नाकारते. त्यावर कुणी ‘काम जोखमीचे आहे’ म्हणून परताव्याचा दरही १२ वरून १४ टक्के केला असेल, तर एकाच पावसाचा दंड दोनदा भरला जातो. तिसरी गफलत नेहमीची: अंदाजपत्रक करणाऱ्याने प्रत्येक दरात आधीच थोडी हवा भरलेली असते आणि खाली पुन्हा कंटिन्जन्सी लावलेली असते. तिजोरी अशी तीन ठिकाणी लपवण्यापेक्षा एकाच ठिकाणी, दिसेल अशी ठेवावी. आणि तिची किल्ली कंत्राटदाराकडे नको. राखीव पैसा आहे असे कळले की ‘एक्स्ट्रा आयटम’ची बिले आपोआप वाढतात.

उलटी चूकही कमी नाही. मंजुरी हवी असली की तरतूद गुपचूप दोन-तीन टक्क्यांवर आणली जाते. ब्रिटनच्या अर्थखात्याने प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी दिलेल्या मार्गदर्शनात साध्या इमारतींसाठी असा आशावाद पुसायला भांडवली खर्चात २ ते २४ टक्के भर घालायला सांगितले आहे. सुरुवात वरच्या टोकापासून करायची आणि जोखीम आटोक्यात आल्याचा पुरावा मिळेल तसे खाली यायचे.

पुरावा म्हणजे काय, हे आपल्या गोदामात दिसते. ७० लाखांतले निम्म्याहून अधिक पायाच्या एकाच प्रश्नाचे आहेत. जागेवर चार-पाच बोअर घेऊन माती तपासायला काही लाख लागतात. खाली मुरूम आणि खडक लागला तर ३६ लाखांची तरतूद पुसली जाते, ३४ लाख उरतात आणि एनपीव्ही ९० लाखांवर जातो. चिखल लागला तर ९० लाख नक्की झाले. तरतुदीतून उठून ते मूळ खर्चात जातात आणि एनपीव्ही शून्याच्या किंचित खाली येतो. मग इमारत जागेच्या दुसऱ्या टोकाला सरकवायची, जागामालकाशी भाड्यावर पुन्हा बोलायचे किंवा सोडून द्यायचे. तिन्ही गोष्टी करार होण्याआधी शक्य असतात, खड्डा खणल्यावर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर पाच किंवा दहा टक्क्यांचा गोल आकडा ठेवला, तर त्याच्याकडे अडथळ्यांची यादी आणि मातीचा अहवाल मागा. दोन्ही नसतील तर त्या अंदाजपत्रकातल्या एनपीव्हीवर सही करू नका.