बिजागरीचा अदृश्य धक्का

वरच्या टोकाला बिजागरी असलेला 1 मीटर लांब, 3 किलोचा दांडा सरळ लटकतो आहे. सेकंदाला 300 मीटर वेगाची 10 ग्रॅमची गोळी आडवी येऊन त्याच्या खालच्या टोकात रुतते. दांडा किती जोरात फिरेल?

गोळीचा संवेग 3 एकक. धडकेनंतर मात्र गोळी आणि दांडा यांचा मिळून संवेग सुमारे 4.5 भरतो! हा वाढावा बिजागरीने दिला. खालचं टोक पुढे ढकललं गेलं की वरचं मागे सरकू पाहतं, आणि बिजागरी त्याला पुढे रेटून जागेवर धरते. हा धक्का किती, ते आधी ठाऊक नसतं. म्हणून साध्या संवेगाचा हिशेब इथे अडतो.

पण तो धक्का बिजागरीतच बसतो, त्यामुळे तिच्याभोवती त्याची पीळ शून्य. गुरुत्वाकर्षणालाही त्या क्षणार्धात काही करता येत नाही. म्हणून बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग टिकतो: आधी 0.01 × 300 × 1 = 3. नंतर दांड्याचं जडत्व आघूर्ण 1, गोळीचं 0.01, भागाकार केला की कोनीय वेग सेकंदाला 2.97 रेडियन. दांडा सुमारे 46 अंश वर जातो.

ऊर्जेवरून कोन काढायचा तो फक्त धडकेनंतर. गोळीच्या 450 ज्यूलपैकी जेमतेम साडेचार उरतात, बाकीचे प्रामुख्याने उष्णतेत जातात.

गोळी बिजागरीपासून दोन तृतीयांश अंतरावर लागली, तर बिजागरीला आडवा धक्का बसतच नाही. तिथे साधा संवेगही टिकतो.