कामाचं बोलण्याआधी

फोनवर पहिला शब्द कोणाचा असतो? काम ज्याचं आहे, सांगायचं ज्याच्याकडे आहे, त्याचा नसतो. फोन उचलणाऱ्याचा असतो. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात या साध्या गोष्टीचा पाठपुरावा केला. एका मध्यम आकाराच्या शहरातल्या पोलीस खात्यात आलेले आणि तिथून केलेले सुमारे ५०० फोन ध्वनिमुद्रित केलेले होते. शेग्लॉफनं त्यांची फक्त सुरुवात बारकाईनं तपासली. उचलणारा आधी बोलतो, हा नियम सगळीकडे लागू पडत गेला. मोडला तो एकाच फोनमध्ये. पोलिसांनी रेडक्रॉसला फोन लावला होता. घंटा वाजली, रिसीव्हर उचलला गेला आणि सेकंदभर कोणीच बोललं नाही. मग फोन करणाऱ्यानंच ‘हॅलो’ म्हटलं आणि त्यावर पलीकडून संस्थेचं नाव ऐकू आलं.

पाचशेतला एक अपवाद म्हणून हा फोन सहज बाजूला ठेवता आला असता. शेग्लॉफनं त्याऐवजी आपला नियम बाजूला ठेवला आणि सगळे फोन पुन्हा नव्यानं पाहिले. तेव्हा उलगडा झाला. फोनची घंटा हीच पहिली हाक आहे. उचलणारा ‘हॅलो’ म्हणतो ते अभिवादन म्हणून नव्हे, त्या हाकेला दिलेली ‘ओ’ म्हणून. त्या एका फोनमध्ये घंटेला ओ मिळाली नव्हती, म्हणून पोलिसाला तोंडानं दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. म्हणजे अपवाद दिसत होता तोसुद्धा नियमातच बसत होता. १९६८ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध संभाषणाच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो.

हाक आणि ओ यांची जोडी दोघांनाही बांधून घेते. कोणी हाक मारली की गप्प बसता येत नाही. बसलं तर ऐकू आलं नाही, की राग आहे, की काही बरंवाईट झालं, असे अर्थ लगेच निघू लागतात. उलट, ओ मिळाल्यावर हाक मारणाऱ्यालाही गप्प राहता येत नाही. ‘आई!’ ‘काय रे?’ यानंतर मुलगा काहीच बोलला नाही तर आई चिडते, आणि ते रास्तच आहे. म्हणून पहिल्या ‘हॅलो’नं मजकूर काही पोचत नसला, तरी आपण दोघं आता एकमेकांसाठी हजर आहोत एवढं ठरतं. ते ठरल्याशिवाय सांगितलेलं काम हवेत जातं.

पण हजेरी लागली तरी कामाची वेळ आलेली नसते. शेग्लॉफनं पुढं घरगुती फोनही तपासले. त्यांत हाक-ओ झाल्यावर आणखी तीन टप्पे दिसतात: कोण बोलतंय याची ओळख पटणं, नमस्कार आणि ख्यालीखुशाली. यातली ख्यालीखुशाली आपण सर्वांत पोकळ समजतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काम तीच करते.

समजा, लातूरचा एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला चार दिवस मावशीकडे राहू का, हे विचारायला फोन करतो.

‘हॅलो.’
‘मावशी, मी बोलतोय.’
‘अरे, तू होय! कसा आहेस?’
‘मजेत. तू कशी आहेस?’
‘आहे... चाललंय.’

इथं तो थांबतो. मावशी ‘मजेत’ म्हणाली असती तर त्यानं लगेच विषय काढला असता. ‘चाललंय’ हे रोजचंच उत्तर आहे, पण त्याआधी ती क्षणभर अडखळली आणि आवाज खाली आला. गेल जेफरसन या अभ्यासिकेनं अशाच उत्तरांवर बारकाईनं लिहिलं आहे: वरवर ठीकठाक, पण पुढं काहीतरी अडचण आहे याची चाहूल देणारी उत्तरं. बोलणारा तक्रार करत नाही, विचारलंच तर सांगायची वाट मात्र उघडी ठेवतो. मुलगा विचारतो, ‘का गं, काय झालं?’ तेव्हा कळतं, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन परवावर आलंय, घरात दुसरं कोणी नाही. आता चार दिवस राहू का, हे तो विचारतच नाही. ‘मुलाखतीला येतोच आहे, रात्री दवाखान्यात मी थांबतो,’ असं म्हणतो.

‘हॅलो’ म्हणताच त्यानं आपली विनंती पुढं केली असती तर मावशीला एक तर नाही म्हणावं लागलं असतं, नाहीतर मनाविरुद्ध हो. दोन्हीची बोच राहिली असती. ‘कशी आहेस’ या प्रश्नानं तिला आपली गोष्ट आधी मांडायची संधी मिळाली. ख्यालीखुशालीचं काम हेच: ज्याला काम आहे त्याच्या आधी दुसऱ्याचं काही महत्त्वाचं असेल तर ते पुढं येऊ देणं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मग ‘बरंय’ म्हणून ती संधी सोडली जाते आणि ‘हं, बोल’ असं म्हणून फोन करणाऱ्याला वाट मोकळी करून दिली जाते.

त्या ‘बोल’नंतरची जागा मोलाची असते. तिथं जे येईल तेच फोनचं कारण, असं ऐकणारा धरून चालतो. म्हणून नुसतं भेटावंसं वाटून फोन केलेला माणूस तिथं ‘काही नाही, सहज केला’ असं मुद्दाम सांगतो. ती जागा रिकामी ठेवता येत नाही. आणि म्हणूनच उसने पैसे मागायचे असतील तर माणसं ही जागा टाळतात, इकडचं तिकडचं बोलून ‘बरं, एक विचारायचं होतं’ असं शेवटाकडे आणतात. फोन त्यासाठी केला नव्हता, असा त्याला आडोसा मिळतो, नकार देणाऱ्यालाही सोपं जातं.

सगळे टप्पे गाळून थेट मुद्दा आला तर त्याचाही अर्थ लावला जातो. बहिणीनं फोन उचलताच ‘आधी टीव्ही लाव!’ असं ऐकलं तर तिला ते उद्धट वाटत नाही, तिच्या काळजात धस्स होतं. घाई आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आगीची किंवा अपघाताची खबर देणाऱ्या फोनमध्ये ख्यालीखुशाली नसतेच, आणि कोणाला ती खटकत नाही.

मोबाईल आल्यावर यातला ओळख पटण्याचा टप्पा आक्रसला, कारण नाव पडद्यावर आधीच दिसतं. त्याच्या जागी ‘कुठं आहेस?’, ‘आत्ता बोलता येईल का?’ हे प्रश्न आले. घरातला फोन एका जागी असायचा. आता पलीकडचा माणूस गाडी चालवत असेल की सभेत बसला असेल, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

लेखी निरोपात मात्र जुनी सवय अडचण करते. समोरासमोर किंवा फोनवर एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, त्यामुळे नमस्कार-चमत्काराला वेळ असा जातच नाही. नुसतं ‘हॅलो’ लिहून उत्तराची वाट पाहिली तर तेच काम तासन्‌तास लोंबकळतं. वाचणाऱ्याला ती हाक वाटते, ओ द्यावीशी वाटते, पण कशासाठी बोलावलंय ते कळत नाही आणि तो मनातल्या मनात तर्क करत राहतो. इथं ‘नमस्कार काकू, बऱ्या आहात ना? शनिवारी वेळ असेल तर सत्यनारायणाच्या तयारीला हात लावाल का?’ असं एकाच निरोपात लिहिलेलं बरं. काकूंना बरं नसेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या आधी देतील.